कमरेपर्यंतचे केस कशाने टिपावेत : मायक्रोफायबरचा टॉवेल की जुना सुती टी-शर्ट?

रेवाकाठ, इंदूर

नमस्कार मंडळी. माझे केस सरळसर, थोडेसे लहरी आहेत आणि टाळूपासून टोकापर्यंत मोजले तर ९० सेंटीमीटर भरतात. आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि रविवारी, मी केसांवरून न्हाते. गेल्या दिवाळीपर्यंत घरातला नेहमीचा टर्किश टॉवेल वापरत होते. त्याच्या फाशांमध्ये केस अडकतात असे बहिणीने सांगितल्यावर मायक्रोफायबरची ती शिवलेली टोपी आणली, जिच्या मागच्या बाजूला गुंडी असते आणि लांब शेपटाच्या टोकाला रबरी फास असतो. ओणवे होऊन केस त्या शेपटात घालायचे, शेपूट पिळायचे, डोक्यावरून मागे न्यायचे आणि गुंडीला अडकवायचे, अशी ती पद्धत.

तीन-चार महिन्यांनी विंचरताना फरशीवर केसांचे बारीक तुकडे दिसू लागले. ते पूर्ण केस नव्हते, बोटाच्या दोन-तीन पेरांएवढे तुकडे होते. भांगाच्या दोन्ही बाजूंनी केस पिंजारल्यासारखेही दिसू लागले. सासूबाईंनी यजमानांचा एक जुना सुती टी-शर्ट काढून दिला आणि त्याने टिपून पाहायला सांगितले.

ऐकीव मतांवर जायचे नाही असे ठरवून मी चार न्हाणी टोपी वापरून आणि चार न्हाणी टी-शर्ट वापरून केली. दर वेळी केस दमट असताना पांढरी चादर अंथरून, त्याच रुंद दातांच्या लाकडी कंगव्याने, टोकांकडून वर जात विंचरले आणि १० सेंटीमीटरपेक्षा लहान तुकडे मोजले. टोपीच्या वेळी ३१, २८, ३४ आणि ३० तुकडे मिळाले, तर टी-शर्टच्या वेळी १४, १७, १२ आणि १५. टी-शर्ट मी डोक्याला बांधला नाही. खांद्यावर पसरून त्यात केस दाबून घेतले.

फरक जवळपास निम्म्याचा आहे. तेव्हा मायक्रोफायबर केसांना वाईट असतो असे समजून टोपी टाकून द्यावी का, की माझ्या मोजणीत काही चूक आहे?

सुगरण, इंदूर

ताई, तुमच्या आकड्यांनीच उत्तर दिले आहे. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिएस्टर, म्हणजे शेवटी प्लास्टिकच. प्लास्टिक पाणी पीत नाही, कापूस पितो. पॉलिएस्टरची साडी नेसून स्वयंपाकघरात उभे राहिले की घाम अंगावरच राहतो आणि सुती साडीत तो टिपला जातो, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. केसांनाही तोच न्याय लागू होतो. जे कापड पाणी शोषत नाही ते केसांवर पुन्हा पुन्हा फिरवावे लागते, आणि त्या फिरवण्यातच केस तुटतात. मी टोपी टाकून देईन.

लष्करवाली, ग्वाल्हेर

माझाही हाच प्रश्न आहे, म्हणून लिहिते. बाळंतपणाला आता पाच महिने झाले आणि केस मूठ-मूठ निघत आहेत. न्हाणीघराच्या जाळीवर रोज गुंडाळी जमा होते. मीही मायक्रोफायबरचाच टॉवेल वापरते. तो बदलून टी-शर्ट घेतला तर हे थांबेल का? इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात थंडी सुरू झाली आहे, केस लवकर वाळत नाहीत, त्यामुळे टॉवेल अर्धा-पाऊण तास डोक्यावर तसाच राहतो.

धागेदोरे, इंदूर

मी कापड गिरणीच्या तपासणी विभागात नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. केसांविषयी मला पत्नी आणि दोन मुलींच्या केसांपलीकडे अनुभव नाही, परंतु कापडाविषयी काही सांगू शकतो.

सुगरणताईंचे म्हणणे धाग्याबद्दल खरे आहे, कापडाबद्दल मात्र नाही. पॉलिएस्टरचा तंतू स्वतःच्या आत पाणी जवळजवळ घेतच नाही, कापसाचा तंतू घेतो. पण केस टिपताना कापड जे पाणी उचलते, त्यातले बहुतेक तंतूंच्या आत नसून तंतूंच्या मधल्या फटींत धरलेले असते. मायक्रोफायबरमध्ये एकेक तंतू अतिशय बारीक असतो आणि चांगल्या प्रतीच्या कापडात तो चिरून त्याच्या फाकी केलेल्या असतात, संत्र्याच्या फोडी सुट्या कराव्यात तशा. त्यामुळे फटींची संख्या फार वाढते, आणि फट जितकी अरुंद तितकी ती पाणी जोराने ओढते. पॉलिएस्टरची साडी जाड तंतूंची आणि गुळगुळीत विणीची असते, म्हणून ती घाम टिपत नाही. तिच्यावरून या टॉवेलचे अनुमान काढता येणार नाही.

टी-शर्टचे कापड आपण ज्याला होजियरी म्हणतो ते, विणलेले असते. त्याचा पृष्ठभाग सपाट असतो आणि टर्किश टॉवेलसारखे उभे फासे त्यात नसतात. जुना टी-शर्ट नव्यापेक्षा चांगला ठरतो, कारण नव्या कापडावर चढवलेले खळीचे आणि मऊपणाचे थर धुऊन धुऊन निघून गेलेले असतात.

आता रेवाकाठताईंच्या मोजणीविषयी. मोजणी काळजीने केली आहे, पण तिच्यात एक अडचण आहे. त्यांनी कापड बदलले आणि त्याबरोबर रीतही बदलली. टोपीत केस पिळले, टी-शर्टमध्ये दाबले. निम्मे तुकडे कमी झाले ते कापडामुळे की रीतीमुळे, हे या आठ न्हाण्यांवरून कळू शकत नाही. तपासणी विभागात असा अहवाल माझ्या वरिष्ठांनी परत पाठवला असता. माझी विनंती आहे की आता उलट करून पाहावे : मायक्रोफायबर उघडा पसरून त्यात केस दाबावेत आणि टी-शर्टमध्ये केस पिळून बांधावेत.

आणखी एक पाहावे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही कापडे आधी कोरडी आणि नंतर ओली तोलावीत, म्हणजे कोण किती पाणी उचलते यावर मतभेद उरणार नाही.

कात्रीवाली, इंदूर

मी सुदामानगर भागात स्त्रियांसाठी छोटे पार्लर चालवते आणि रोज ओले केस हाताळते. लष्करवाली ताईंना आधी सांगते, कारण त्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यांनी उगाच काळजी करू नये असे वाटते.

केस गळणे आणि केस तुटणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. जाळीवरचा एक केस उचला आणि खिडकीच्या उजेडात काळ्या कागदावर ठेवा. त्याच्या एका टोकाला खसखशीच्या दाण्याहूनही लहान, पांढुरकी गाठ दिसली तर तो केस मुळापासून, आपली मुदत संपवून निघाला आहे. बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस एकदम गळू लागतात, कारण गरोदरपणात जे केस गळायचे थांबलेले असतात ते नंतर एकत्र निघतात. बहुतेकींचे हे वर्षभरात आपोआप थांबते. त्याहून लांबले, किंवा डोक्यावर मोकळी जागा दिसू लागली, तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. टॉवेल बदलून मात्र हे थांबणार नाही. दोन्ही टोकांना गाठ नसलेला तुकडा असेल तर तो तुटलेला केस, आणि टॉवेलचा दोष असलाच तर तो तिथेच शोधायचा.

अर्धा-पाऊण तास ओले कापड डोक्यावर बांधून ठेवणे मात्र सोडा. थंडीत डोके गार पडते ते वेगळेच, पण टाळू तितका वेळ दमट आणि बंद राहिली की ज्यांना कोंड्याची प्रवृत्ती असते त्यांचा कोंडा वाढतो.

आता रेवाकाठताईंचे तुकडे. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतो. तुमचे केस ९० सेंटीमीटर असतील तर टोकाचा भाग सहा वर्षांचा जुना आहे. सहा वर्षांची उन्हे, कंगवे, वेण्या आणि रबरबँड त्याने सोसलेले असतात. केसाच्या अंगावर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात. मुळाशी ते शाबूत असतात आणि टोकाशी पुष्कळदा झिजून गेलेले असतात. त्यात ओला केस पाण्याने फुगतो आणि कमी जोरातही ताणला जातो. अशा वेळी टोपीच्या शेपटात पीळ सर्वात घट्ट कुठे बसतो, ते पाहा. पीळ शेवटाकडे जातो, आणि तिथेच तुमचे सर्वात म्हातारे केस असतात. तुमचे तुकडे लहान आहेत ते बहुधा याच कारणाने. ते काळ्या कागदावर ठेवून पाहिलेत तर बऱ्याच तुकड्यांचे एक टोक फाटे फुटलेले दिसेल असा माझा अंदाज आहे.

मांडवीकर, वडोदरा

माझे केस कुरळे आहेत, खांद्याच्या बरेच खाली येणारे, आणि मी गेली तीन वर्षे फक्त टी-शर्ट वापरते. पलंगावर टी-शर्ट पसरायचा, ओणवे होऊन केसांची वळी त्याच्या मध्यावर घडी घातल्यासारखी उतरू द्यायची, मग कापडाच्या कडा डोक्याभोवती घेऊन बाह्यांची गाठ मानेमागे बांधायची आणि १५ मिनिटांनी सोडायचे. यात केस पिळले जात नाहीत, कारण ते डोक्यावर गुंडाळीसारखे बसलेले असतात. मायक्रोफायबरने माझी वळी सुटी सुटी होतात आणि सगळा पिंजारा होतो.

मला वाटते की मायक्रोफायबर पाणी फारच पटकन ओढतो आणि कुरळ्या केसांना ते सोसत नाही. शिवाय इथे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की वाळलेले केसही तासाभरात फुगतात. टी-शर्टने ते कमी फुगतात असा माझा अनुभव आहे.

न्हाणीघर, इंदूर

माझे वय ७४ आहे. आमच्या रामबागेतल्या घरात केस पुसायला ना टर्किश टॉवेल होता ना टी-शर्ट. वडिलांचा जुना, विरत आलेला पंचा होता. शिकेकाईने न्हाऊन झाले की आई पंचा केसांभोवती गुंडाळून दाबायची, आणि मग अंगणात उन्हाकडे पाठ करून बसवायची. इथपर्यंत ते तुमच्या टी-शर्टसारखेच झाले.

पण त्यानंतर ती तोच पंचा पिळून त्याचा दोर करायची आणि पाठीवर सोडलेल्या केसांवर फटफट मारून केस झटकायची. पाण्याचे तुषार उडायचे आणि त्यांत ऊन चमकायचे, ते मला अजून दिसते. झटकल्याशिवाय केस वाळत नाहीत अशी तिची पक्की समजूत होती आणि मीही माझ्या मुलींचे केस तसेच झटकले. त्याने केस तुटत असत का? आमच्या वेण्यांची टोके नेहमी शेपटासारखी निमुळती असायची, ती वाढच तशी असते असे आम्ही मानत आलो.

कात्रीवाली, इंदूर

आजी, नमस्कार. वेणी टोकाशी थोडी निमुळती होणे स्वाभाविक आहे, कारण सगळे केस एकाच वेळी उगवलेले नसतात. पण झटकण्याने टोके तुटतात, हेही खरे आहे. पिळलेल्या पंचाचा फटका ओल्या केसाला एका जागी वाकवतो आणि खाली सुटी राहिलेली टोके चाबकासारखी आपटतात. आपल्या आईंनी आधी जे दाबून घेतले ते अगदी योग्य होते, आणि विरत आलेला पंचा आजही टी-शर्टच्या तोडीचा आहे. फक्त त्याचा दोर करू नये.

रेवाकाठ, इंदूर

धागेदोरे काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आणखी आठ न्हाणी होईपर्यंत थांबले, म्हणून उत्तराला महिना लागला.

आधी वजन. टोपी कोरडी ६२ ग्रॅम आणि टी-शर्ट १४८ ग्रॅम भरला. न्हाणीघरातच केस हातांनी वरून खाली दाबून निथळून घेतले, मग दोन्ही कापडे निरनिराळ्या दिवशी १० मिनिटे वापरली. टोपीने १०९ ग्रॅम पाणी उचलले आणि टी-शर्टने ११४ ग्रॅम. म्हणजे माझ्या केसांतून निघालेले पाणी जवळजवळ सारखेच, पण टोपीने ते स्वतःच्या वजनाच्या पावणेदोन पट उचलले आणि टी-शर्टने स्वतःच्या वजनाहून कमी. टी-शर्ट तेवढ्या पाण्यातही बऱ्यापैकी कोरडा वाटत होता, टोपी जड आणि चिंब झाली होती.

एकदा केस हातांनी न निथळता तसेच टी-शर्टमध्ये घेतले, तेव्हा त्याने २०५ ग्रॅम पाणी उचलले आणि तो पुरला नाही. टोकांतून पाणी गळतच राहिले. कापडाच्या निवडीइतकाच फरक हाताच्या त्या एका मिनिटाने पडतो, हे मला आजवर लक्षात आले नव्हते.

आता तुकडे. टोपी शेपूट न पिळता, शिवण उसवून उघडी पसरली आणि तिच्यात केस दाबले : १६, १३, १८ आणि १५. टी-शर्टमध्ये केस पिळून अंबाड्यासारखे बांधले : २७, २५, २९ आणि २४.

म्हणजे कापड कोणतेही असो, पिळले की तुकडे वाढतात आणि दाबले की कमी होतात. पिळण्याच्या रीतीत टोपी टी-शर्टपेक्षा थोडी वाईट ठरली, दाबण्याच्या रीतीत दोन्ही जवळजवळ सारखी.

कात्रीवालीताई, काळ्या कागदावर २० तुकडे मांडून पाहिले. १३ तुकड्यांचे एक टोक फाटे फुटलेले होते आणि गाठ एकालाही नव्हती. तुमचा अंदाज खरा निघाला.

धागेदोरे, इंदूर

ताई, आता ही मोजणी एखाद्या निष्कर्षाला आधार देऊ शकते. चार-चार न्हाण्यांच्या आकड्यांवरून दोन-तीन तुकड्यांच्या फरकाला महत्त्व देऊ नये, पण २६ आणि १५ यांच्यातला फरक दर वेळी एकाच बाजूला पडला आहे आणि तो दुर्लक्षण्यासारखा नाही.

पिळण्यात टोपी थोडी जास्त का तोडते, याचे कारण मला कापडात दिसते. चिरलेल्या तंतूंच्या फाकींना कडा असतात; त्याच कडांमुळे हे कापड काचेवरचा तेलकट डाग उचलते. हिवाळ्यात तळहात किंवा टाचा भेगाळलेल्या असताना कोरड्या मायक्रोफायबरवरून हात फिरवला तर तो कातडीला चिकटल्यासारखा अडखळतो. झिजलेल्या खवल्यांच्या केसालाही तो तसाच धरत असणार. दाबताना कापड आणि केस एकमेकांवर सरकत नाहीत, म्हणून तोटा दिसत नाही. पीळ देताना ते सरकतात.

मांडवीकरताईंचे निरीक्षण मी नाकारत नाही, पण कारण वेगळे असावे असे वाटते. ओला केस वाळताना ज्या स्थितीत असेल तीच स्थिती धरून बसतो. त्यांच्या टी-शर्टच्या पद्धतीत वळी जागच्या जागी राहतात. मायक्रोफायबर त्या कदाचित टॉवेलसारखा चोळून वापरत असाव्यात. ताई, तोच टी-शर्टचा विधी मोठ्या, सपाट मायक्रोफायबरवर करून पाहिला आहे का? पावसाळ्यात नंतर जे फुगते ते हवेतल्या ओलाव्याने, आणि त्यावर कोणतेही पुसण्याचे कापड उपाय करू शकत नाही.

सुगरण, इंदूर

काका, मान्य आहे. पाणी उचलण्याबाबत माझे अनुमान चुकले. पण मग माझ्याकडचा टी-शर्ट पाणी का उचलत नाही? रेवाकाठताईंचे वाचून मी मुलाचा जुना टी-शर्ट घेतला आणि केसांवरून पाणी तसेच घरंगळत राहिले. मला वाटले होते की जुना आणि मऊ असला की पुरे.

धागेदोरे, इंदूर

त्याची दोन कारणे संभवतात. खेळाचे आणि शाळेच्या गणवेशाचे पुष्कळ टी-शर्ट मिश्र धाग्याचे किंवा पूर्ण पॉलिएस्टरचे असतात. आतली चिठ्ठी अजून असेल तर पाहा. नसेल तर टी-शर्ट सपाट पसरून त्यावर चमच्याने पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब लगेच पसरून नाहीसा झाला तर कापड टिपण्याच्या कामाचे आहे. मण्यासारखा उभा राहिला तर नाही.

सुती असूनही थेंब उभा राहिला, तर शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करणारे द्रव घालता का ते आठवा. त्याचा मेणासारखा थर धाग्यावर बसतो आणि पाणी अडवतो. मायक्रोफायबरचे तर त्याने पूर्णच नुकसान होते, कारण त्याच्या कामाच्या फटी तोच थर बुजवतो. ते द्रव न घालता, कोमट पाण्यात नेहमीच्या पावडरने दोन-तीनदा धुऊन पुन्हा थेंब सोडून पाहा. मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर धुऊ नका, त्याला कापसाचे तूस चिकटते आणि मग तेच केसांत उतरते. इस्त्रीही नको.

सुगरण, इंदूर

थेंब मण्यासारखा उभा राहिला. चिठ्ठी फाटलेली होती, पण टी-शर्ट शाळेच्या क्रीडादिनाचा आहे. आता यजमानांचा सुती बनियन घेतला आहे. त्यावर थेंब क्षणात पसरला. मात्र आमच्याकडे बोअरचे पाणी आहे आणि गच्चीवर वाळवलेला बनियन पापडासारखा कडक होतो. तोही केसांना तसाच घ्यावा का?

रेवाकाठ, इंदूर

सुगरणताई, याचा अनुभव मलाही आहे. नर्मदेचे पाणी आमच्याकडे दिवसाआड येते आणि कपडे अनेकदा बोअरच्याच पाण्यात धुवावे लागतात. उन्हात वाळलेला टी-शर्ट मी दोन्ही हातांनी चुरगाळते आणि कडा एकमेकींवर घासून मोकळा करते, मगच केसांना लावते. सावलीत, पंख्याखाली वाळवला तर तो इतका कडक होत नाही. केसांवरचे शेवटचे पाणी मात्र मी नर्मदेचेच घेते, दोन तांबे बाजूला काढून ठेवते. बोअरच्या पाण्याने केस वाळल्यावर खरखरीत लागतात आणि मग कंगवाच जास्त अडतो.

गृहस्थ, इंदूर

माझ्या मुलीचे केस लांब आहेत आणि तिची आई नोकरीसाठी बाहेरगावी असल्याने ते मीच विंचरतो. गाडी पुसायचे मायक्रोफायबरचे नवे कापड घरात होते, तेच मी वापरत आहे. ते चालेल का, हे या चर्चेतून मला नीट कळले नाही.

कात्रीवाली, इंदूर

दादा, गाडीच्या कापडाला लांब लव आणि उभे फासे असतात, धूळ ओढून घेण्यासाठी. त्यात बारीक केस गुंततात. मुलीचे केस नाजूक असतील, तर आपला जुना सुती बनियन घ्या. केसांचे वरून खाली तीन भाग माना : टाळू ते मान, मान ते खांदे, खांद्यांखालचा भाग. प्रत्येक भाग कापडात दोन तळहातांमध्ये धरून मनात पाच अंक मोजा आणि सोडा, मग खाली सरका. खालून वर कधीही चोळू नका. खवल्यांची तोंडे खाली असतात, उलट दिशेने चोळले की ती उभी राहतात. कंगवा केस दमट झाल्यावरच, आणि टोकांकडून.

मांडवीकर, वडोदरा

धागेदोरे काका, आपण सांगितले ते करून पाहिले. मोठे, सपाट विणीचे मायक्रोफायबर आणून तोच विधी तीन वेळा केला. चोळण्याविषयी आपला तर्क बरोबर होता. आधी मी टोके मुठीत धरून चोळत असे. आता वळी पूर्वीइतकी विस्कटत नाहीत, आणि केस टी-शर्टपेक्षा अंदाजे २० मिनिटे आधी वाळतात. तरीही कपाळाजवळची बारीक वळी टी-शर्टने जशी एकत्र राहतात तशी यात राहत नाहीत, आणि हे मला तिन्ही वेळा दिसले. रीत तीच होती, पाणीही तेच होते. त्यामुळे कुरळ्या केसांपुरते कापडाचे काही महत्त्व आहे असेच मला अजून वाटते.

कात्रीवाली, इंदूर

कपाळाजवळचे ते लहान केस एकदा नीट पाहा. टोक निमुळते आणि टोकदार असेल तर ते नव्याने उगवणारे केस आहेत आणि ते कोणत्याही कापडाने लवकर बसणार नाहीत. टोक काठीसारखे बोथट असेल तर ते तुटलेले आहेत, आणि मग गाठ किती घट्ट बांधता तेही पाहावे लागेल.

मांडवीकर, वडोदरा

काळा कागद आणि भिंग घेऊन पाहिले. सात केसांपैकी चार टोकदार निघाले आणि तीन बोथट. गाठ आता सैल बांधते आहे. पुढचा पावसाळा संपेपर्यंत दोन्ही कापडे आलटून पालटून वापरीन आणि रेवाकाठताईंसारखी पांढरी चादर अंथरून मोजून इथेच लिहीन.

रेवाकाठ, इंदूर

नक्की लिहा. उसवलेली टोपी मी प्रवासासाठी ठेवली आहे, कारण ती लहान आहे आणि लवकर वाळते. घरी टी-शर्टच वापरते. परवाच्या रविवारी ११ तुकडे मिळाले, पण टोकांचे चार बोटे केसही मधल्या काळात कापून घेतले होते, तेव्हा त्यातले श्रेय कापडाला किती आणि कात्रीला किती, हे मला सांगता येत नाही.